आजीच्या ओव्यांचं पुस्तक: तीनशे प्रती आणि एप्रिल

नाशिक, ८ जानेवारी

ती. आई-बाबांना
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "पाचशेच छाप, प्रत स्वस्त पडते." खरं आहे ते. पण हिशेब कागदावर मांडल्यावर माझं मत बदललं, म्हणून सविस्तर लिहितेय.

डिजिटल छपाईवर ३०० प्रती, प्रत्येकी ७५ रुपये, म्हणजे २२,५००. ऑफसेटवर ५०० प्रती, प्रत्येकी ६२, म्हणजे ३१,०००. ऑफसेटला प्लेटांचा आणि मशीन लावण्याचा खर्च शंभर छापा की हजार, तेवढाच येतो, म्हणून प्रती वाढल्या की दर उतरतो. पण आजीच्या ओव्या कोण कोण घेईल याची मी नावानिशी यादी केली. भाऊबंद, वाचनालयं, तुमचे शाळेतले सहकारी धरूनही ती अडीचशेच्या पुढे जात नाही. मग साडेआठ हजार जास्त घालून दोनशे प्रती माळ्यावर ठेवायच्या कशाला? संपल्याच, तर त्याच फाइलवरून पुन्हा छापता येतील.

तिसरा दर ५५ रुपयांचा होता. नमुना मागवला, तर कागद ६० जीएसएमचा, मागच्या पानावरची अक्षरं पुढे उमटलेली, आणि कव्हरला लॅमिनेशन नाही. बाकीच्या दोघांनी ७० जीएसएम मॅपलिथो आणि लॅमिनेशन धरलंय. नुसत्या आकड्यावर गेले असते तर फसले असते.

आता तारीख. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, नाशकातच प्रकाशन व्हावं ही तुमची इच्छा मला कळते. पण पहिलं प्रूफ बघून माझा जीव खाली-वर झाला. मी मजकूर युनिकोडमध्ये टाइप केला होता. मांडणी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केली, आणि अक्षरं बदलताना र मोडला. आजीच्या ओवीतल्या 'दऱ्या' सगळीकडे 'दर्या' झाल्यात. डोंगरातली वाट समुद्रात गेली! 'दर्या' हाही खराच शब्द, त्यामुळे संगणक चूक दाखवत नाही. ती माणसाच्याच डोळ्यांना सापडणार.

म्हणजे दोन प्रूफं, प्रत्येकी तीन आठवडे. कव्हरची फाइल त्यानंतरच पक्की होईल, कारण पानं ठरल्याशिवाय कण्याची जाडी कळत नाही. पुढे छपाई-बांधणीचे पंधरा दिवस. फेब्रुवारी जमत नाही. एप्रिलमधला रविवार बघते. आयएसबीएनसाठी एकाने तीन हजार मागितले होते. तो सरकारकडून फुकट मिळतो, मी स्वतःच अर्ज केलाय.

प्रूफाचा गठ्ठा शनिवारी निफाडला येणाऱ्या दादाबरोबर पाठवते, लाल पेनासकट. आई, तू आजीची वही मोठ्याने वाच, आणि बाबा, तुम्ही प्रूफावर बोट ठेवून शब्द न् शब्द ताडून बघा. वहीत नसलेला पण तुला आठवणारा शब्द असेल, आई, तर तो समासात लिही, मजकुरात नको. आजी 'जातं' म्हणायची की 'जात्या', हे तुझ्याशिवाय कोण सांगणार?

तुमची,
सुमी