वजनाबरोबर कंबरही मोजा

महोदय,
आरोग्य शिबिरात वजनकाटा हमखास असतो, मापनपट्टी मात्र क्वचितच दिसते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेले उदाहरण इथे आठवते. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन अगदी सारखे, बीएमआय 22.3; पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2! काट्याला हा फरक कळत नाही. आतड्यांभोवती आणि यकृतात साठणारी चरबी मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढवते, आणि हातपाय काटकुळे असले की वजन ‘नॉर्मल’च दिसते.

भारतीयांसाठी कमरेच्या घेराची धोक्याची रेषा पुरुषांना 90 सेंमी, स्त्रियांना 80 सेंमी मानतात. पँटचा नंबर यासाठी उपयोगाचा नाही, कारण पँट पोटाखाली बांधली जाते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता पट्टी लावायची. त्वचेखालची चरबी आणि आतली चरबी यांत पट्टीही भेद करत नाही, म्हणून माप जास्त आल्यास रक्तातील साखर आणि रक्तदाब तपासावा. शिबिरांच्या आयोजकांनी तपासणीच्या कार्डावर कमरेचा रकाना छापावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा