भिंत कोणाला अडवायला?

महोदय,

बर्लिनची भिंत पश्चिमेच्या फॅसिस्टांना रोखण्यासाठी आहे, असे पूर्व जर्मनीचे सरकार सांगत असे. अडवायची होती ती आपलीच माणसे! १९४९ पासून सुमारे २७ लाख लोक पश्चिमेकडे निघून गेले होते. त्यांत डॉक्टर, इंजिनिअर कितीतरी.

१३ ऑगस्ट १९६१ च्या पहाटे काटेरी तारा लागल्या, पण पूर्वेच्याच हद्दीत. पश्चिम बर्लिनमधील दोस्त राष्ट्रांच्या हक्कांना धक्का नव्हता, म्हणून अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी निषेधावर थांबले. युद्धापेक्षा भिंत परवडली.

पुढे ती २८ वर्षे टिकली, ती काँक्रीटपेक्षा पाठीशी असलेल्या सोव्हिएत फौजेमुळे. १९८९ मध्ये हंगेरीने ऑस्ट्रियाची सीमा उघडली, लोक वळसा घालून जाऊ लागले आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी फौज बराकीतच ठेवली. भिंत पडली ती त्यामुळे.

– एक वाचक, पुणे