आगकाडी आणि ३७ ठिपके

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू विचारलंस की रांगोळीतून सममिती कशी घेतलीस, आणि मी नेहमीसारखं "सोप्पंय रे" म्हणून टाकलं. पण ते काही तितकं सोपं नव्हतं, पहिला शनिवार तर माझा पार फसला होता, तर आता निवांत बसून सगळं लिहितो, तुझ्या सातवीला दिवाळीच्या सुट्टीआधी करायचं असेल तर माझ्या चुका तरी तुझ्या उपयोगी पडतील.

आमच्या चित्रकलेच्या सरांना धरून मी दोन तास जोडून घेतले, म्हणजे एका शनिवारी सत्तर मिनिटं, असे दोन शनिवार. वर्गात ४२ पोरं, सहा-सहाचे सात गट, आणि प्रत्येक गटात मुलगे-मुली मिसळलेले, कारण नाहीतर मुलगे नुसते रंगाचे डबे धरून उभे राहतात. रांगोळी घेतली ठिपक्यांची. संस्कार भारतीची घेऊ नकोस पहिल्यांदा, ती दिसते भारी पण मोकळ्या हातावर चालते, मोजायला काही हाताशी लागत नाही. ठिपक्यांत कसं, आधी पट मांडून होतो आणि मग चित्र. पट घेतला सात ते चार, म्हणजे मधल्या ओळीत ७ ठिपके, मग वर ६, ५, ४ आणि खालीही ६, ५, ४, वरच्या ओळीचा ठिपका खालच्या दोन ठिपक्यांच्या मधल्या फटीवर. आपल्या आया वहीत असेच काढायच्या ना, तसाच. एकूण ३७. मोजताना एका पोरीने ओळी मोजल्याच नाहीत, तिने मधला १, त्याच्याभोवती ६, त्याच्याभोवती १२, त्याच्याभोवती १८ असं कडी-कडीने मोजलं. तिथेच खरंतर अर्धा धडा झाला होता पण मला तेव्हा कळलं नाही.

आता माझी गंमत ऐक. पट आयता द्यावा म्हणून मी आदल्या रात्री घरी बसून मोठ्या कागदांवर पट्टीने ठिपके मारले. दोन ठिपक्यांत ४ सेंमी आणि दोन ओळींत पण ४ सेंमी, डोकं न लावता. उभी घडी घातली, जुळलं. आडवी घातली, जुळलं. म्हटलं झालं, झोपलो. वर्गात पोरांनी मधल्या ठिपक्यापासून कोपऱ्याच्या ठिपक्यापर्यंत एक पाकळी काढली, ती बटर पेपरवर उतरवली, मधे टाचणी खुपसली आणि ६० अंशांनी फिरवली, तर पाकळीचं टोक कोपऱ्याच्या ठिपक्यावर बसेचना. दीड सेंमीच्या वर फरक. प्रत्येक गटाचं तेच. आधी मी पोरांनाच ओरडलो की टाचणी हलली असेल (हे तू कुणाला सांगू नकोस). मग एकाने कोनमापक लावला आणि म्हणाला सर, इथे ६० नाहीच, ६३ च्या पुढे आहे, आणि शेजारचा कोन ५३ आहे. तेव्हा माझी ट्यूब पेटली.

बघ ना, वरचा ठिपका खालच्या दोघांच्या मधोमध आहे, म्हणजे आडवा २ सेंमी सरकलेला. ओळींत ४ सेंमी ठेवलं की तिरकं अंतर येतं २० चं वर्गमूळ, साधारण ४.४७. म्हणजे त्रिकोण समभुज राहिलाच नाही, उभा ताणला गेला. सगळा पट उंच झाला. म्हणून उभी आणि आडवी घडी जुळत होती, अर्धा फेरा फिरवलं तरी जुळत होतं, पण तिरक्या घड्या आणि ६० अंश गेले कामातून. घडी घालून तपासलं की असा पट बिनबोभाट पास होतो हे लक्षात ठेव, मी तिथेच फसलो. तिरकं अंतरही ४ च हवं असेल तर ओळींतलं अंतर १६ वजा ४ म्हणजे १२ चं वर्गमूळ, ३.४६ सेंमी हवं. सातवीला पायथागोरस आहेच, मी तिथल्या तिथे फळ्यावर केलं, आणि खरं सांगतो, पुस्तकातल्या भिंतीला टेकवलेल्या शिडीपेक्षा पोरांनी हे जास्त मन लावून बघितलं कारण सरांची चूक पकडायची होती.

पण सगळ्यात भारी पुढेच झालं. मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंड उघडत नाही, म्हणाली माझी आजी पट्टी घेतच नाही, आगकाडी घेते. म्हटलं दाखव. तर तिने मधली ओळ आगकाडीएवढ्या अंतराने मांडली, मग काडीचं एक टोक पहिल्या ठिपक्यावर ठेवून वर तिरकी धरली, दुसरी काडी शेजारच्या ठिपक्यावरून तिरकी धरली, आणि दोघींची टोकं जिथे टेकली तिथे पुढचा ठिपका. अरे बंड्या, कंपासने समभुज त्रिकोण काढतो तो हाच ना! वर्गमूळ नको, ३.४६ नको, काही नको. आम्ही माझे कागद गुंडाळून कोपऱ्यात टाकले आणि सगळ्या गटांनी काड्यांनी नवे पट मांडले. काड्यांची टोकं आधी मोडून घे मात्र, गुल असलेल्या काड्या वर्गात देऊ नकोस, मी एक डबी परत मोजून घेतली तेव्हा चार कमी होत्या.

मग आरसे शोधायला लावले. पुस्तकात सममिती अक्ष म्हणतात, मी पहिला अर्धा तास आरसाच म्हणालो. पट कातरून घेतला की घडी घालून सापडतात, सहा निघतात, पण दोन जातींचे. तीन कोपऱ्यातून कोपऱ्यात जातात, त्यांच्यावर ७ ठिपके बसतात आणि दोन्हीकडे १५-१५ उरतात. दुसरे तीन बाजूच्या मधून जातात, त्यांच्यावर फक्त ३ ठिपके येतात, बाकी ठिकाणी ते फटीतून जातात, आणि दोन्हीकडे १७-१७. ही दुसरी जात पोरांना सापडत नाही कारण त्यांना वाटतं आरसा ठिपक्यावरूनच गेला पाहिजे. तेव्हा घाई करून सांगू नकोस, बाजूला उरलेले ठिपके मोजायला लाव, आपोआप सापडतं.

दुसऱ्या शनिवारी नक्षी. एका गटाने पाकळीऐवजी कोयरी घेतली. सहा कोयऱ्या, सगळ्यांची शेंडी उजवीकडे वळलेली. बटर पेपर फिरवला तर ६०, १२०, सगळीकडे फिट्ट बसतंय, म्हणून पोरं खूश, आणि खाली लिहिलं "आरसे सहा". मी काही बोललो नाही, फक्त बटर पेपर उलटा करून ठेवायला सांगितला. सगळ्या शेंड्या डावीकडे! एकही आरसा नाही. ते भिरभिरं झालं होतं. फिरवून जुळणं वेगळं आणि उलटवून जुळणं वेगळं, हे मी फळ्यावर चार वेळा सांगितलं असतं तरी इतकं पोचलं नसतं. मग एक जण म्हणाला स्वस्तिक पण असंच आहे की, ९० अंशांनी फिरवलं की जुळतं पण घडी घातली की नाही. बरोबर आहे त्याचं.

आणि मग रंग. हा भाग तू अजिबात गाळू नकोस. साधी सहा पाकळ्यांची रांगोळी, सहा आरसे, ६० अंशाला जुळणारी. लाल-पिवळा-लाल-पिवळा आळीपाळीने भरला तर काय होतं? ६० चे १२० झाले, आणि आरसे तीनच उरले, पाकळ्यांच्या मधून जाणारे. दोन पाकळ्यांच्या फटीतून जाणारे गेले, कारण तिथे लालची समोरची पिवळी येते. इथपर्यंत पोरांनी ओळखलं. मग मी विचारलं लाल, पिवळा, निळा, परत लाल, पिवळा, निळा असा भरला तर? सगळा वर्ग म्हणाला दोन आरसे. भरून बघितलं तर एकही नाही! फक्त अर्धा फेरा फिरवला तरच जुळतं. लाल पाकळीवर आरसा धर, तिच्या एका बाजूला पिवळी आणि दुसऱ्या बाजूला निळी, कसं जुळणार. दोन पोरांनी पंधरा मिनिटं हुज्जत घातली, प्रत्येक घडी घालून बघितली, शेवटी मान्य केलं.

चित्रकलेच्या सरांचं आणि माझं मात्र इथे थोडं वाजलं. त्यांचं म्हणणं, सगळं इतकं जुळलेलं चित्र म्हणजे फरशीचा छापच की, नजर कुठे थांबणार, एक पाकळी मुद्दाम वेगळी ठेवा. मला आधी राग आला. पण नंतर त्यांच्या त्या वेगळ्या पाकळीवर पोरांना विचारलं की आता किती आरसे उरले, तर उत्तर आलं एक, बरोबर त्या पाकळीतून जाणारा. म्हणजे त्यांचंही काम झालं आणि माझंही. मार्क आम्ही वेगवेगळे दिले, सुबकपणाचे त्यांच्याकडे, माझ्याकडे फक्त खाली लिहिलेला हिशोब: आरसे किती, कुठून जातात, किती अंशांना जुळते. नाहीतर होतं काय, ज्याचा हात वळतो त्यालाच गणिताचेही मार्क मिळतात.

शेवटी शाळेच्या ओट्यावर गेरू सारवून खरी रांगोळी घातली, ठिपक्यांत १० सेंमी. तिथे एक काळजी घे. ठिपक्यावरून ठिपका मांडत गेलं की चुका साठत जातात आणि शेवटची ओळ वाकडी जाते. मधली ओळ सुतळी ताणून घाल, मग वर आणि खाली जा, आणि रंग भरायच्या आधी मधल्या ठिपक्यावर ३० सेंमीची दोरी धरून सहाही कोपरे तपास, सगळे दोरीच्या टोकाला आले पाहिजेत. बोटाएवढा फरक असेल तर तो ठिपका पुसून परत घाल, रेघच जाड असते त्यामुळे त्याहून बारीक फरक दिसतही नाही. आमचे सातपैकी दोन पट पुसावे लागले. आणि वारा बघून जागा घे रे, आमचा एक गट कोपऱ्यात बसला होता, त्यांची पांढरी रांगोळी शेजारच्यांच्या निळ्यात गेली आणि मग गणित राहिलं बाजूला, भांडणं सोडवत बसलो.

तुझ्याकडे कधी करतोयस ते कळव, मला पोरांनी खाली लिहिलेले हिशोब बघायचेत, फोटो नुसते रांगोळीचे नको पाठवू.

तुझा,
मास्तर

ता.क. माझे ते चुकलेले ताणलेले पट मी टाकून दिले नाहीत. हवे असतील तर देतो, पोरांना काही न सांगता एका गटाला दे आणि बघ किती वेळात ओरडतात ते.