फलकावर ‘मध्यम’, छातीत घरघर : पालकमंत्र्यांना खुले पत्र

माननीय पालकमंत्री महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या डिसेंबरात आमच्या मैदानाच्या फाटकाशी आपण हवेच्या गुणवत्तेचा फलक लावलात, नारळ फोडलात आणि ‘धावणाऱ्यांनी यापुढे फलक पाहूनच निर्णय घ्यावा’ असे सांगितलेत. मी आज्ञाधारक नागरिक आहे. परवाच्या रविवारी पहाटे साडेपाचला फलकावर पिवळ्या रंगात ११८ आणि ‘मध्यम’ असे वाचले आणि जानेवारीतल्या मॅरेथॉनच्या तयारीसाठी १८ किलोमीटर धावायला निघाले. चौदाव्या किलोमीटरला छाती आवळली, श्वासाबरोबर शिट्टी वाजू लागली आणि उरलेले अंतर मी रिक्षातून, इनहेलर तोंडाला लावून पार केले. चार दिवस झाले, जिना चढतानाही खोकला येतो.

घरी पडल्या पडल्या संकेतस्थळावरचे तासागणिक आकडे पाहिले. आमच्या जवळच्या केंद्रावर पहाटे पाच ते सहा या तासात पीएम २.५ या अतिबारीक कणांचे प्रमाण घनमीटरला १३४ मायक्रोग्रॅम होते. हेच प्रमाण दिवसभर टिकले असते, तर आपल्याच कोष्टकात ती हवा ‘अतिशय खराब’ ठरली असती. मग ११८ कुठून आले? ते कणांचे प्रमाण नाही, निर्देशांक आहे, आणि आपला फलक तो मागच्या चोवीस तासांच्या सरासरीवरून दाखवतो. आदल्या दुपारी समुद्रावरून आलेल्या वाऱ्याने हवा जी धुऊन निघाली, तिचे पुण्य पहाटेच्या पापात मिसळले आणि ‘मध्यम’ तयार झाले. आदल्या दुपारच्या हवेवर मी दुसऱ्या दिवशी पहाटे धावू शकत नाही, एवढे तरी आपल्या अधिकाऱ्यांना मान्य व्हावे.

हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि जड असते, वर उबदार थराचे झाकण बसते आणि रात्रभराचा धूर व धूळ त्याखाली कोंडून राहते. हे पाहायला यंत्र लागत नाही. त्या दिवशी झाडूवाल्यांनी पेटवलेल्या पाचोळ्याचा धूर वर न जाता कमरेइतक्या उंचीवर चादरीसारखा पसरला होता. मी तो पाहिला आणि तरीही फलकावर विश्वास ठेवला, हा माझा मूर्खपणा. बसलेला माणूस मिनिटाला सात-आठ लिटर हवा घेतो, धावताना साठ लिटर सहज लागते, तीही बहुतेक तोंडाने, नाकाची गाळणी चुकवून. म्हणजे त्या दीड तासात मी बसल्या जागी अकरा-बारा तासांत जाईल एवढी हवा ओढली. माझे गणित थोडे कच्चे असेल, आपल्या सरासरीइतके नाही.

आता आमच्या गटाने स्वतःचा नियम केला आहे. निघण्याआधी त्याच तासाचे पीएम २.५ पाहायचे. साठच्या आत असेल तर ठरलेला सराव. साठ ते नव्वद असेल तर अंतर निम्मे, वेगाचे तुकडे रद्द आणि बोलता येईल इतकीच गती, तीही मोठ्या रस्त्यापासून दूरच्या आतल्या गल्ल्यांत. नव्वदच्या वर घरात, आणि १२० च्या वर सुट्टी. दम्याच्या माणसाने एक पायरी आधीच उतरायची, म्हणजे मी साठलाच थांबायचे. नेहमीच्याच गतीला नाडी दहा ठोक्यांनी जास्त पडू लागली किंवा कोरडा खोकला सुरू झाला, तर आकडा काहीही असो, परत फिरायचे.

‘घरात’ म्हणणेही सोपे नाही. आमच्या व्यायामशाळेच्या खिडक्या रस्त्यावर उघडतात, त्यामुळे तिथल्या ट्रेडमिलवर तीच हवा मिळते, वर महिन्याची फी. खिडक्या लावून साधा एसी चालवला, तर तो खोली थंड करतो, बारीक कण गाळत नाही. त्यासाठी हेपा गाळणीचे यंत्र हवे आणि ते मोठ्या हॉलला पुरेल इतके हवे. राहिली दुपार. हिवाळ्यात तेव्हाच हवा बहुधा बरी असते, पण आमचे मैदान अकरा ते चार कुलूपबंद असते. दुपारी तीनला धावायला ऑफिसातून सुटता येत नाही हे खरे, पण शनिवार-रविवारी तरी ते कुलूप कोणाच्या आरोग्यासाठी असते?

माझी मागणी दोनच गोष्टींची होती: फलकावर चालू तासाचे प्रमाण दाखवा आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी फाटक उघडा. पण लिहिता लिहिता मैदानाशेजारची इमारत डोळ्यांसमोर येते. बांधकामाभोवती उंच पत्रे लावण्याचा नियम २०२३ मध्ये झाला. पत्रे आले, त्यांवर बिल्डरची जाहिरातही आली. पण डंपर चाके न धुता बाहेर पडतात आणि त्यांची माती आमच्या धावपट्टीच्या कडेला बोटभर साचते. तक्रार केली की ती ‘निकाली काढली’ असा संदेश येतो, माती तिथेच असते. नियम कागदावर, पाणी टँकरमध्ये आणि धूळ आमच्या फुप्फुसात, अशी ही कामाची वाटणी कोणी केली?

येत्या रविवारी पहाटे साडेपाचला आपण फाटकाशी यावे. आधी फलक वाचावा, मग माझ्या मोबाइलवर त्या तासाचा आकडा पाहावा आणि धावायचे की नाही ते मला आपणच सांगावे.

आपली,
धावणे तूर्त बंद असलेली एक नागरिक