दसऱ्याचं सोनं आणि त्याचं उत्तर

संपादक महोदय,

दसऱ्याला सीमोल्लंघनाहून परतल्यावर आपल्या बेळगाव भागात मराठी घरांतून ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’ म्हणत आपट्याची पानं दिली जातात. शेजारचं कन्नड कुटुंब शमीची, म्हणजे बन्नीची डहाळी पुढे करून ‘बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण’ म्हणतं. घोटाळा होतो तो उत्तरात. पुष्कळ जण पान खिशात घालतात, ‘थँक्यू’ म्हणतात आणि मोकळे होतात. देणारा मात्र हात पुढे करून तसाच उभा राहतो, कारण सोनं हे देवाणघेवाणीचं आहे. आपल्याकडची दोन पानं त्याच्या हातावर ठेवायची आणि त्याचंच वाक्य त्याला परत द्यायचं. आपट्याच्या बदल्यात बन्नी दिली तरी चालते. कन्नड येत नसेल तर मराठीत म्हणा, इथे कुणाचं अडत नाही.

लहानांनी आधी द्यायचं आणि वाकून नमस्कार करायचा. मोठ्यांनी त्यातली चार पानं परत हातावर ठेवून ‘सुखी राहा’ म्हणायचं. नुसती मान हलवणं कोरडं वाटतं. बरोबरीचे असतील तर गळाभेट. मोबाईलवर पानाचं चित्र आलं तर उलट चित्र न पाठवता नाव घालून एक ओळ लिहावी.

बाजारात आपटा म्हणून कांचनाची मोठाली पानंही खपवतात. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंद असतं.

– एक वाचक, बेळगाव