सकाळी सहाचं इंजेक्शन आणि पावणेअकराची सुरी: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपला वेळ मोलाचा आहे याची जाणीव आहे, म्हणून थोडक्यात लिहावं असं ठरवून बसलो होतो. पण परवा रुग्णालयाच्या तक्रार विभागाचं उत्तर हातात पडलं आणि तो बेत मोडला. उत्तरात एकच वाक्य कामाचं आहे : "रुग्णास पाच दिवस उच्च दर्जाची प्रतिजैविके देण्यात आली असल्याने उपचारात कोणतीही कसूर आढळत नाही." साहेब, माझी तक्रारच ती होती. पाच दिवस का दिली, हे मी विचारलं होतं.

माझे वडील ६७ वर्षांचे. जांघेतला हर्निया, जाळी बसवायची, ठरवून केलेलं साधं ऑपरेशन. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण एकट्या त्याला झोडपून तुमची सुटका होईल. वडिलांच्या उपचारांच्या नोंदींची, म्हणजे इंडोअर पेपरची झेरॉक्स मागितली. नियमाप्रमाणे ७२ तासांत मिळायला हवी, मला एकोणिसाव्या दिवशी मिळाली. त्यात सिस्टरच्या अक्षरात प्रतिजैविकाच्या इंजेक्शनची नोंद आहे : सेफाझोलिन १ ग्रॅम, सकाळी ६.०५, वॉर्डात. आणि भूलतज्ज्ञांच्या कागदावर : चीर १०.५०. मधे काय झालं? आधीची केस लांबली. वडील हिरवा गाऊन घालून स्ट्रेचरवर पडून होते आणि इंजेक्शन त्यांच्या रक्तातून लघवीत निघून चाललं होतं.

सेफाझोलिन शरीरात दर पावणेदोन-दोन तासांनी निम्मं होतं. आठ वाजता अर्धं, दहाच्या आत-बाहेर पाव, आणि सुरी टेकली तेव्हा एका ग्रॅममधलं दोनशे मिलिग्रॅमही उरलं नसेल. हा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर केलाय, वयामुळे किडनी सावकाश चालत असेल तर थोडं जास्त धरा. चीर देण्याआधीच्या ६० मिनिटांत द्यायचं औषध पावणेपाच तास आधी दिलं, एवढं मात्र कुठल्याही हिशेबाने बदलत नाही.

वेळेचं एवढं काय? कातडी कापली की कातडीवरचेच जंतू आत पडतात. त्या क्षणी तिथल्या मांसात, चरबीत, साकळणाऱ्या रक्तात औषध हजर हवं. १९६१ साली जॉन बर्क या सर्जनने गिनीपिगवर दाखवून दिलं होतं की जंतू आत शिरल्यावर तीनेक तासांनी दिलेल्या औषधाचा काही उपयोग होत नाही. माणसांवरची पाहणी १९९२ची, अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीची, २,८४७ रुग्णांची. चिरेआधीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांत जखम पिकण्याचं प्रमाण ०.६ टक्के. त्याहून आधी मिळालेल्यांत ३.८, आणि चिरेनंतर तीन तास उलटून मिळालेल्यांत ३.३ टक्के. म्हणजे फार लवकर आणि फार उशिरा, दोघांची गत जवळजवळ सारखीच. आपल्याकडे मात्र सकाळच्या पाळीची सिस्टर येण्याआधी 'प्री-ऑप' उरकून टाकायचं असतं.

आता गंमत बघा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली दिलेली सुरक्षित शस्त्रक्रियेची तपासयादी आपल्या रुग्णालयातही छापलेली आहे. चिरेआधी मोठ्याने विचारायचं असतं : गेल्या ६० मिनिटांत प्रतिजैविक दिलं का? वडिलांच्या कागदावर त्या चौकटीत 'हो' अशी टिक आहे. निळ्या शाईत, सुबक. वेळ १०.४०.

हे झालं एक. दुसरं त्याहून महागात पडलं. टाके घातल्यावर खरं तर औषधाचं काम संपलं होतं. स्वच्छ, ठरवलेल्या ऑपरेशनला एक डोस पुरतो. ऑपरेशन चार तासांवर गेलं किंवा फार रक्त गेलं तर टेबलावरच दुसरा. चीर बंद झाल्यावर पुढे चालू ठेवू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ साली स्पष्ट सांगितलंय. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने पुढच्याच वर्षी सांगितलं की जखमेत निचऱ्याची नळी ठेवलेली असली तरी नको. आधीच फुटलेलं अपेंडिक्स, आत पू, तिथे गोष्ट वेगळी. तो आजार असतो आणि त्यावर दिवस मोजून उपचार करावे लागतात. वडिलांच्या पोटात पू नव्हता, जाळी होती.

तरी सुरू झालं सेफ्ट्रिअॅक्सोन सकाळ-संध्याकाळ, अमिकासिन सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस, आणि घरी जाताना सात दिवसांच्या गोळ्या. मी विचारलं तर राउंडवरचे डॉक्टर म्हणाले, "कव्हर देतोय काका, आपल्याकडची हवा माहीत आहे ना." माहीत आहे. मग अवजारं निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह दुरुस्त करा, ऑपरेशन थिएटरची दारं लावून घ्या. हवेचा राग आमच्या शिरेत कशाला? आणि खोटं कशाला बोलू, एका संध्याकाळी डोस चुकला तेव्हा सिस्टरला शोधत मीच कॉरिडॉरभर फिरलो होतो. बाटली टांगलेली दिसली की नातेवाइकाला वाटतं, उपचार चाललाय.

आठव्या दिवशी जखमेतून पू आला. त्याच दिवशी रक्त तपासलं तर किडनी बिघडली की वाढणारं क्रिएटिनिन २.४, ऑपरेशनआधी १.१ होतं. अमिकासिन किडनीला लागतं हे आता किडनीच्या डॉक्टरांकडून कळलं, सातशे रुपये फी भरून. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ७९ हजारांहून जास्त ऑपरेशनांचा अभ्यास २०१९ साली छापून आला. दिवस वाढवले तसं जखम पिकणं कमी झालं नाही; किडनीला इजा आणि औषधामुळे होणारे जुलाब मात्र वाढत गेले. आमच्या घरी तो अभ्यास एका माणसावर पुन्हा झाला, फुकट.

पू वेळ चुकल्यामुळेच आला असं मी सिद्ध करू शकत नाही. पण त्या वॉर्डात मी चौदा खाटा मोजल्या होत्या आणि बारांवर त्याच दोन औषधांच्या बाटल्या. राज्यभरात रोज किती? हजारो तरी असतील. आकडा तुमच्याकडे असेल तर सांगा. नसेल, तर दर नोव्हेंबरात १८ ते २४ तारखेला प्रतिजैविकांच्या जागृतीचा सप्ताह साजरा होतो, तेव्हा फलकावर कसले आकडे लिहिता? रांगोळ्या काढतात, शपथ घेतात, नर्सिंगच्या मुलींना उन्हात उभं करतात. आणि त्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर संध्याकाळच्या सातच्या बाटल्या टांगायची तयारी चालू असते.

मागणी छोटी आहे. इंजेक्शन वॉर्डातून काढा. ते भूल देणाऱ्याच्या हातात द्या, रुग्ण टेबलावर आल्यावर. डिस्चार्ज कार्डावर दोन वेळा छापा : औषधाची आणि चिरेची. टाके पडल्यावर औषध आपोआप बंद होऊ द्या. पुढे चालवायचं तर डॉक्टरने कारण लिहून सही करावी. याला निधी लागत नाही, निविदाही नाही. कदाचित म्हणूनच अवघड असेल.

मंगळवारी वडिलांचं रक्त पुन्हा तपासायचं आहे. गोळ्यांची उरलेली पट्टी त्यांनी कपाटात जपून ठेवलीय, "पुढे कधी लागेल" म्हणून.

आपला,
एका रुग्णाचा मुलगा

सोबत : इंडोअर पेपरची झेरॉक्स, पान ३ आणि पान ७. दोन्ही वेळांखाली लाल पेनने रेघ मारली आहे.