ग्लासभर पेयात बदाम चार: अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरात बदाम म्हटलं की तालमीतली थंडाई डोळ्यांपुढे येते. मूठभर बदाम वाटून ते दुधात कालवायचे, अशी ती खुराकाची चीज. म्हणूनच दुकानातल्या ‘बदाम ड्रिंक’च्या खोक्यावर बदामाचं चित्र दिसलं की आईबाप ते दुधापेक्षा सरस समजून मुलाला देतात. खोकं फिरवून मागचा बारीक मजकूर वाचला, तर अशा पेयांत बदाम बहुधा दोन-तीन टक्केच असतात. अडीच टक्के धरले तर 200 मिलीच्या ग्लासात 5 ग्रॅम, म्हणजे चार बदाम. त्यातून मिळणारी प्रथिनं जेमतेम 1 ग्रॅम. तेवढ्याच गाईच्या दुधात ती साडेसहा ग्रॅमच्या आसपास असतात, आणि कट्ट्यावरच्या म्हशीच्या दुधात त्याहून जास्त.

चार वर्षांच्या मुलाचा हिशोब मांडून पाहू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020च्या शिफारशीप्रमाणे त्याला दिवसाला सुमारे 16 ग्रॅम प्रथिनं आणि 550 मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. गाईच्या दुधाचे दोन ग्लास दिले की सुमारे 13 ग्रॅम प्रथिनं आणि 470 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. साखर न घातलेल्या सोया पेयाचे दोन ग्लास प्रथिनांत जवळपास तेवढेच भरतात, आणि सोयाच्या प्रथिनांचा दर्जाही दुधाच्या तोडीचा आहे. ओटच्या पेयात ती 4 ग्रॅमच्या आसपास, बदामाच्या पेयात 2, तर तांदळाच्या पेयात साधारण एकच ग्रॅम. दुधाची अॅलर्जी असलेल्या मुलाला पर्याय लागतोच, आणि या चौघांत तो सोयाचा (सोयाचीही अॅलर्जी नसेल तर). तांदळाचं पेय तर लहानग्यांना दुधाऐवजी देऊच नये. त्यातल्या आर्सेनिकमुळे ब्रिटनची आरोग्यसेवा पाच वर्षांखालील मुलांना ते देऊ नका असं सांगते.

कॅल्शियमची गोष्ट वेगळी. या चारही पेयांत ते मुळात थोडंच असतं. वरून घातलं असेल, तरच दुधाच्या बरोबरीला येतं. घटकांच्या यादीत कॅल्शियम कार्बोनेट (आयएनएस 170), ट्रायकॅल्शियम फॉस्फेट (आयएनएस 341) किंवा कॅल्शियमचा दुसरा कुठला क्षार दिसला नाही, तर ते घातलेलं नाही असं समजावं. आपल्याच शिवारातलं सोयाबीन भिजवून, वाटून, नीट उकळून घरी केलेलं पेय प्रथिनांना उत्तम, पण दोन ग्लासांत कॅल्शियम साधारण 100 मिलिग्रॅम. शिवाय घातलेलं कॅल्शियम भुकटीच्या रूपात असतं, ते तळाशी बसतं. खोकं न हलवता ओतलं, तर पहिल्या ग्लासात पाणचट पेय येतं आणि बरंचसं कॅल्शियम खोक्यासोबत कचऱ्यात जातं. ‘जोरात हलवा’ ही सूचना म्हणूनच महत्त्वाची. ती कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत छापून काय उपयोग?

साखरेच्या बाबतीत सगळ्यात जास्त गफलत होते. दुधाच्या पिशवीवर 100 मिलीमागे साडेचार-पाच ग्रॅम ‘एकूण साखर’ दिसते आणि लोक बिचकतात. ती दुधाची स्वतःची लॅक्टोज. वरून घातलेली शून्य. उलट ओट आणि तांदळाच्या पेयांत पिठातला स्टार्च विकरांनी फोडतात, त्यातून माल्टोजसारखी साखर तयार होते. चमचाभरही साखर न घालता पेय गोड लागतं. म्हणून या दोन पेयांत ‘एकूण साखर’ ही ओळ पाहावी. चॉकलेट किंवा व्हॅनिला चवीच्या सोया पेयात मात्र ‘वरून घातलेली साखर’ पाहावी. तिथे 100 मिलीला 7 ग्रॅम लिहिलं असेल, तर 200 मिलीच्या खोक्यात 14 ग्रॅम, म्हणजे जवळपास तीन चमचे.

साहेब, लेबलाचे नियम केंद्राचं प्राधिकरण करतं, हे आम्ही जाणतो. त्या नियमांनुसार मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की पुरतो, मराठी ऐच्छिक. तेव्हा आपण प्राधिकरणाला लिहावं: एका ग्लासातली प्रथिनं, कॅल्शियम आणि साखर पुढच्या बाजूला ठळक छापावी, महाराष्ट्रात विकायच्या मालावर ती मराठीतही असावी, आणि कॅल्शियम न घातलेल्या पेयावर तसं स्पष्ट लिहावं. दोन गोष्टी मात्र आपल्या हातात आहेत. अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांनी ही पेयं नमुन्याला घेताना खोकं हलवून आणि न हलवता, अशी दोन्ही प्रकारे कॅल्शियमची तपासणी करून पाहावी. आणि दुकानात ही पेयं दुधाच्या पिशव्यांशेजारी मांडलेली असतील, तिथे वरच्या हिशोबाचा एक मराठी तक्ता लावायला सांगावं.

आपले,
कोल्हापुरातील आहारतज्ज्ञ आणि अन्नतंत्रज्ञ